पगार वाढवतो म्हणाले, आता एजन्सीला काय सांगायचं?

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना एमआयडीसीत कामाला जातात. त्यांच्यावर येणाऱ्या एका अडचणीबद्दल आज बोलू.

समजा, मुलीला हातात १५,००० रुपये मिळतात. भरती एजन्सीच्या मॅडमनी तिला दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आणून दिलं, त्यात आकडा १८,५००. तिने अजून सही केलेली नाही. नोकरी सोडते म्हटल्याबरोबर जुने साहेब म्हणाले, "थांब, १८,००० करतो." तिकडे मॅडम विचारतात, रुजू कधी होणार?

अशा वेळी पुष्कळ मुली फोनच उचलत नाहीत, नाहीतर घरात आजारपण आहे म्हणून सांगतात. त्यापेक्षा त्याच दिवशी मेसेज करावा:

"मॅडम, माझ्या कंपनीने पगार वाढवतो म्हटलंय, पण लेखी दिलेलं नाही. मी अजून कुणालाच होकार दिलेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत नक्की कळवते. तुमच्या लेटरमधले १८,५०० हातात येणारे आहेत का, तेवढं सांगा."

हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. लेटरमध्ये बऱ्याचदा सीटीसी लिहिलेली असते, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा सगळा खर्च. मूळ पगार १५,००० धरला, तर १२ टक्क्यांनी पीएफचा तुमचा हिस्सा १,८०० आणि कंपनीचाही १,८००. दोन्ही त्यातूनच गेले तर उरले १४,९००. ईएसआयसीची थोडी कपात वेगळीच. म्हणजे आजच्यापेक्षाही कमी! पीएफ आपलाच असतो, पण महिन्याचं वाणसामान त्यातून येत नाही. साहेबांच्या १८,००० बद्दलही हेच विचारायचं, आणि कधीपासून देणार ते कागदावर मागायचं.

मॅडम म्हणतील, "ते किती देतायत?" सांगायचं तर १८,००० च सांगा. नसेल सांगायचं, तर "आकडा सांगत नाही" म्हटलं तरी चालतं. २१,००० म्हणून ठोकून दिलं आणि त्यांनी पत्र किंवा पगाराची स्लिप मागितली, तर काय दाखवणार? मॅडम घाई करतील. एजन्सीला कंपनीकडून पैसे बहुधा उमेदवार रुजू झाल्यावरच मिळतात, म्हणून त्यांच्या घाईचा राग धरू नये. पण दिलेल्या शुक्रवारआधी होकारही देऊ नये.

शुक्रवारपर्यंत साहेबांचा कागद आला आणि थांबायचं ठरलं, तर स्पष्ट लिहा: "मी इथेच थांबतेय. ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी." कारण पगार असेल तर पगारच सांगा. कागद आलाच नाही, तर साहेबांचं बोलणं तोंडीच आहे असं धरून ठरवा.

ऑफर लेटरवर आधीच सही झाली असेल, तर नुसत्या मेसेजवर भागवू नका. लेटरमधल्या अटी वाचा, मॅडमना फोन करा आणि मग कंपनीला ईमेलने नकार कळवा. रुजू व्हायच्या दिवसाची वाट बघू नका, कारण त्या दिवशी तिकडे कुणीतरी तुमच्या नावाचं गेटपास करून बसलेलं असतं.