पिन विसरल्यावरचे सात दिवस



कालच्या व्याख्यात्यांनी तुम्हाला शिवकाळात नेऊन आणलं. मी तुम्हाला हातातल्या फोनपलीकडे कुठेही नेणार नाही. विषय व्हॉट्सअ‍ॅपच्या पिनचा आहे, आणि समोरच्या रांगेतले दोघे-तिघे आताच खिशाकडे हात नेताना दिसतायत, म्हणजे विषय चुकलेला नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट 'कोड' म्हणतो. पहिला एसएमएसने येणारा सहा आकडी कोड. तो दर वेळी नवा असतो, लक्षात ठेवायचा नसतो. दुसरा 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन. तोही सहा आकडी, पण तो आपणच कधीतरी ठरवलेला असतो. ही सोय २०१७ पासून सर्वांना मिळाली. तिसरा बॅकअपचा पासवर्ड, ज्यांनी बॅकअपला मुद्दाम कुलूप घातलंय त्यांच्यापुरता. हा तिसरा हरवला आणि जुना फोनही हाताशी नसेल, तर तो बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. पिनचं तसं नाही. पिन विसरला तर वाट पाहावी लागते, पण रस्ता असतो.

कारण असं, की पिन राखण करतो ती तुमच्या नंबरावरच्या खात्याची, कंपनीच्या सर्व्हरवर. तुमच्या गप्पा तिथे साठवलेल्या नसतात. त्या फोनमध्ये असतात, आणि बॅकअप चालू असेल तर त्यांची प्रत तुमच्या गूगल खात्यात किंवा आयक्लाउडवर असते. म्हणून पिन विसरल्याने एकही जुना निरोप पुसला जात नाही. निरोप जातात ते पिन विसरल्यावर घाबरून आपण जे करतो त्यामुळे.

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांचं उदाहरण सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, हिशेबाला चोख. प्लंबरची बिलं, लिफ्टवाल्याच्या पावत्या, सभासदांचे पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. मुलाने नवा अँड्रॉइड फोन पाठवला. ते दुकानात गेले, तिथल्या मुलाने सिमकार्ड नव्या फोनमध्ये घातलं, व्हॉट्सअ‍ॅप घेतलं, एसएमएसचा कोड टाकला. पुढच्या पडद्यावर पिन मागितला आणि साहेब गप्प झाले.

इथेच पहिली गाठ पडली. नव्या फोनवर एसएमएसचा कोड टाकला की जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बाहेर पडतं, पिन आठवो न आठवो. दुकानात जाण्याआधी त्यांनी जुन्या फोनवर Settings, मग Account, मग Two-step verification उघडलं असतं, तर तिथे पिन बदलता आला असता किंवा बंद करता आला असता. आणि गंमत बघा, त्यासाठी जुना पिन माहीत असावा लागत नाही! चालू असलेल्या फोनवर हे काम मिनिटाभराचं आहे. अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅप स्वतःहून पिन विचारतं तेव्हा आठवला नाही, तर त्याच दिवशी हे उरकून घ्यावं.

खजिनदारांनी मग अंदाज बांधायला सुरुवात केली. जन्मतारीख, लग्नाची तारीख, पेन्शनच्या पुस्तकावरचे आकडे. चुकीचे पिन टाकत राहिलं की अ‍ॅप थांबायला लावतं आणि ती वेळ वाढत जाते. दोन-तीन खात्रीचे पिन चालले नाहीत तर थांबावं आणि Forgot PIN? वर बोट ठेवावं. पिन ठरवताना ईमेल दिला असेल, तर तिथून एक दुवा मागवता येतो, त्याने पिन बंद होतो, काम त्याच दिवशी संपतं. मात्र आपण न मागता असा दुवा आला, तर त्याला हात लावायचा नाही. दुसरं कोणी तुमच्या नंबरावर शिरायला बघतंय असा त्याचा अर्थ.

यांनी ईमेल दिलेला नव्हता. मग एकच वाट उरते, सात दिवस थांबण्याची. त्यानंतर पिन पुसून नवा ठेवता येतो. पैसे घेऊन हे आजच करून देतो म्हणणारे भेटतात. त्यांना ते करता येत नाही, पैसे घेता येतात. या सात दिवसांत सिम चालू ठेवायचं, आणि जुन्या फोनवरचं अ‍ॅप काढून टाकायचं नाही, तो फोन 'रिसेट' करून भाच्याला द्यायचा नाही. अँड्रॉइडवर रोज रात्री दोनच्या सुमाराला एक प्रत फोनमध्येच तयार होते. ती `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` या फोल्डरमध्ये असते. तो सगळा `WhatsApp` फोल्डर केबल लावून संगणकावर उतरवून ठेवावा. मधल्या दिवसांत आलेले निरोप मात्र नंतर मिळतीलच असं धरू नका. महत्त्वाच्या माणसांना फोन करून कळवावं.

सात दिवस झाले, पिन बदलला, आणि खरा घात पुढे झाला. नोंदणी झाल्यावर अ‍ॅप जुना बॅकअप शोधतं. त्यांना बॅकअप सापडलाच नाही. का? दुकानातल्या मुलाने नव्या फोनवर नवंच जीमेल खातं उघडून दिलं होतं, आणि बॅकअप होता जुन्या खात्यात. बॅकअप मिळायला नंबर तोच लागतो आणि गूगल खातंही तेच. त्यांनी Skip दाबलं. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, आत शुकशुकाट.

Skip दाबण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनं जीमेल खातं जोडलं असतं, तर बॅकअप दिसला असता, तारखेसकट. तरी Skip नंतरही सगळं संपत नाही. संपतं ते त्या रात्री, कारण त्याच गूगल खात्यात नवा बॅकअप गेला की तो जुन्याच्या जागी बसतो. रिकाम्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप सहा वर्षांच्या गप्पांवर! यांचं नशीब की खातं वेगळं होतं, म्हणून जुना बॅकअप शाबूत राहिला.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. आधी Chat backup मध्ये जाऊन आपोआप होणारा बॅकअप बंद केला. फोनमध्ये जुनं जीमेल जोडलं, पासवर्ड त्यांच्या डायरीत होता. नव्या फोनवरचं अ‍ॅप काढून पुन्हा घेतलं, एसएमएसचा कोड आणि नवा पिन टाकला. या वेळी बॅकअप दिसला, फोन बदलण्याच्या आदल्या रात्रीचा. Restore दाबलं. निरोप लगेच आले, पावत्यांचे फोटो वायफायवर तासभर उतरत राहिले.

आता प्रश्नोत्तरांना वेळ ठेवतो. पण घरी जाण्याआधी, इथेच बसल्या बसल्या, Two-step verification उघडा आणि आपला ईमेल घाला. जमत नसेल त्यांनी फोन घेऊन पुढे यावं.