स्कार्फ चौरस घ्यावा की लांब?



मला भाषण करता येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण गेली पंधरा वर्षे घरी फॉल-पिकोचे काम करते, त्यामुळे कापड, टेप आणि कात्री यांच्याबद्दल कुणी विचारले तर चार शब्द सांगता येतात. चिटणीसबाई म्हणाल्या, त्या स्कार्फचे सांगा. म्हणून तेवढेच सांगणार आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करते, कारण शिकले ते तिथेच.

आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींची मुलगी नर्सिंगच्या शिक्षणाला लागली तेव्हाची गोष्ट. त्यांच्याकडे बाहेर जाताना डोके, कान आणि गळा झाकून घेण्याची रीत आहे. मुलगी म्हणाली, "काकू, मला एक छानसा स्कार्फ करून द्या." माझ्याकडे जॉर्जेटच्या ओढणीचे अडीच मीटर कापड पडून होते. मला वाटले, जास्त असले तर चांगलेच, कमी पडायला नको. चारी बाजूंना पिको केला आणि दिला. रंग तिला फार शोभला. चौथ्या दिवशी ती आत्याच्या मागे स्कूटरवर बसून निघाली. गल्लीच्या वळणावर स्कार्फचे मागचे टोक सुटले आणि चाकात गेले. गाडी नुकतीच सुरू झाली होती, आत्याने लगेच ब्रेक लावला, आणि जॉर्जेट फाटले म्हणून पोरगी वाचली. हनुवटीखालच्या पिनेने गळ्यावर बोटभर ओरखडा उठला होता. तो पाहून मला दोन रात्री झोप आली नाही. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. आत्या मात्र स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "भाभी, तुम्ही कापड पाहिलंत, पोरगी पाहिली नाहीत."

खरेच होते ते. मुलगी ४ फूट १० इंच. आत्या ५ फूट ७ इंच. मग आत्यालाच मी गुरू केले. माझ्या ओटीवर दोघींना उभे करून, टेप आणि सुतळी घेऊन आम्ही सगळे मापून काढले.

पहिली गोष्ट जी मला कळली ती अशी, की डोके उंचीप्रमाणे वाढत नाही. हनुवटीखालून टेप धरून, कानावरून टाळूवर नेऊन, दुसऱ्या कानावरून परत हनुवटीखाली आणला. मुलीचे भरले २५ इंच, आत्याचे २६. नऊ इंच उंचीच्या फरकात डोक्याचा फरक एकच इंच! म्हणजे डोके गुंडाळायला कापड जवळजवळ सारखेच लागते. उंचीचा फरक पडतो तो फक्त खाली लोंबणाऱ्या टोकांत. तो किती, ते पाहायला हनुवटीपासून जिथे टोक संपावे असे वाटते तिथपर्यंत सुतळी धरली. मुलीच्या छातीवर १० आणि १२ इंच पुरत होते, आत्याला १३ आणि १४ लागत होते.

आता लांब स्कार्फचा हिशेब पाहा. साधी पद्धत अशी, की एक बाजू आखूड आणि एक लांब ठेवून स्कार्फ डोक्यावर घ्यायचा, हनुवटीखाली पिन लावायची, लांब टोक गळ्याभोवती एकदा मानेमागून फिरवून पुढे सोडायचे. मुलीचे डोक्याचे २५, गळ्याचा सैलसर फेर १८, टोके १० आणि १२, पिनेपाशी चुणीत जाणारे २, मिळून ६७ इंच. याच पद्धतीने आत्याचे २६, १८, १३, १४ आणि २, म्हणजे ७३. दोघींत फरक सहा इंचांचा.

पण आत्या रोज असे बांधत नाही. ती लांब टोक गळ्याखालून नेऊन पुन्हा एकदा टाळूवरून घेते आणि दुसऱ्या बाजूला पिन लावते. दुसरा पदर पहिल्या पदरावरून जातो, म्हणून त्याला २६ नाही, २८ लागतात. गळ्याच्या १८ च्या जागी हे २८ धरले की एकूण ८३ इंच, म्हणजे २ मीटरच्या थोडे वर. पाहा म्हणजे, उंचीने सहा इंच वाढले आणि एका जादा फेराने दहा. म्हणून आता कुणी स्कार्फ मागायला आली तर मी आधी तिची उंची विचारत नाही. म्हणते, "बाई, बांधून दाखव." घरातला जुन्या साडीचा तुकडा हातात देते. ती बांधते, टोके हवी तिथे येतात, तिथे मी टाचणी लावते. मग सोडून मापायचे. याच्यासारखे खरे माप दुसरे नाही.

रुंदीकडे बायका बघतच नाहीत. बाजारात हल्ली वीस-बावीस इंचांचे स्टोल टांगलेले असतात, ते दिसायला गोड. कपाळापासून टाळूवरून मानेच्या खळीपर्यंत टेप धरला तर साधारण १५ इंच भरतात. वीस इंचांतून पंधरा गेले, खाली राहिले पाच. मान वाकवली की मागून गळा उघडा पडतो, मग बाई दिवसभर मागे हात नेऊन ओढत बसते. अंबाडा मोठा असेल तर त्याचे आणखी तीन-चार इंच. म्हणून रुंदी २८ इंच तरी हवी. इथे एक घरगुती सोय सांगते. ५८ इंच पन्ह्याचे कापड घेतले आणि उभे मधोमध कापले, की दोन स्कार्फ होतात, प्रत्येकी २९ इंची. कडा दुमडण्यात एक इंच जातो. दोघी बहिणींनी मिळून घ्यावे.

आता चौरस. चौरस स्कार्फ कोनावर कोन ठेवून त्रिकोणी घडी करून घेतात. त्याचे माप बाजूवर नाही, कोनापासून कोनापर्यंत बघायचे. बाजू ४४ इंच असली तर कोन ते कोन ६२ भरतात, बाजूच्या दीडपटीला थोडे कमी. घडीचा मध्य कपाळावर आला, की दोन्हीकडे ३१ आणि पाठीमागे टोकही ३१. कपाळापासून हनुवटीखालच्या पिनेपर्यंत १२ इंच खर्च होतात, बाकी १९ छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे जायला मिळतात. मागे मानेपर्यंत १५ गेले, १६ पाठीवर राहिले.

हे १६ आत्याच्या पाठीवर कमरेच्या वरच थांबतात. मुलीच्या पाठीवर मात्र कमरेखाली जातात, कारण तिची मान ते कंबर १४ इंच. खुर्चीवर बसली की टोक पाठीखाली दाबते, आणि उठताना पुढे कपाळावर ओढ बसते. तिला मी ४० इंची चौरस केला. अर्ध्या कोनाचे २८, मागे उरतात १३, पुढे १६. बरोबर बसला. अॅप्रनच्या आत टोके सारली की बाहेर काहीच लोंबत नाही, म्हणून कॉलेजला आणि स्कूटरवर तिला मी चौरसच सांगितला. लांब स्कार्फ तिने ठेवला आहे लग्नकार्यासाठी, तोही ६७ इंचीच, अडीच मीटरचा नव्हे.

३६ इंची चौरस मुळीच टाकाऊ नाही, पण तो गळा झाकायला नाही. कोन ते कोन ५१ इंच होतात. मानेमागे केसांखाली गाठ मारायची असेल तर डोक्याचा घेर २२ वजा जाता २९ उरतात, गाठ भक्कम बसते. माझ्या धाकट्या जावेचे औषधोपचारात केस गेले, तेव्हा तिला मी असले मऊ मलमलीचे चार करून दिले. तिथे उंचीचा प्रश्नच येत नाही, कारण खाली लोंबायचे काही नाही. २८ इंची मात्र घेऊ नये. गाठीला दोन्हीकडे जेमतेम आठ-नऊ इंच राहतात आणि गाठ सुटते.

चौरसात एक गंमत आहे, ती शिवणाऱ्या बायकांना लगेच कळेल. त्रिकोणी घडीची जी कड चेहऱ्याला लागते ती कापडात तिरकी येते. तिरके कापड ताणते, म्हणून ते गालाला, हनुवटीला धरून बसते, पिना कमी लागतात. लांब स्कार्फची कड सरळ धाग्याची, ती ताणत नाही, म्हणून जॉर्जेट असले की घसरते. आत्या आत सुती टोपी घालते ती यासाठी.

पण चौरस हा खरोखर चौरस हवा. सुती कापड धुतल्यावर लांबीत जास्त आटते. न धुता ४४ बाय ४४ कापले आणि पहिल्याच धुण्यात ते ४२ बाय ४४ झाले, की कोनावर कोन येत नाही, एक बाजू कायम तिरपी दिसते. माझे असे दोन बिघडले, ते भांडी पुसायला गेले. म्हणून ४४ पन्ह्याचे कापड सव्वा मीटर घ्या, रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवून इस्त्री करा, मग पन्हा पुन्हा मापा. दुकानदार ४४ म्हणतो ते पुष्कळदा ४३ भरते. मग एक कोन धरून समोरच्या काठावर तिरका दुमडा, जिथे काठाला काठ जुळेल तिथे खूण करून कापा. टेपपेक्षा ही घडी खरी.

हेल्मेट घालणाऱ्या मुलींसाठी एक सांगायचे राहिले. कानशिलावर पिन लावू नये, हेल्मेटखाली ती टोचते. टाळूवरून दुसरा फेरही त्या वेळी नको, हेल्मेट वर उचलले जाऊन नीट बसत नाही. आत्यासुद्धा आता स्कूटरवर ७३ इंचांचा साधा फेर घेते आणि दोन्ही टोके कुडत्याच्या आत सारून वर जाकीट घालते.

मी टेप, सुतळी आणि साडीचा एक तुकडा आणला आहे. चहा होईपर्यंत ज्यांना माप घ्यायचे असेल त्यांनी खिडकीपाशी यावे. मुलगीही आली आहे, ती बांधून दाखवील. गळ्यावरचा ओरखडा आता दिसत नाही.