चौकडीचे लुगडे आणि बुट्ट्यांचा खण

चौकडी, रेघा आणि फुले एकाच पेहरावात आणली की गोंधळ होतो, ही समजूत वऱ्हाडातील जुन्या पिढीच्या स्त्रियांनी कधी मानली नाही. अमरावती-अकोल्याकडील घरांत चौकडीचे सुती लुगडे आणि त्यावर खणाची चोळी हा वेश पिढ्यानुपिढ्या चालत आला. त्यात लुगड्याच्या अंगावर आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन असत, काठावर रुईफुलासारखी नक्षी असे आणि चोळीच्या खणावर विणूनच काढलेले बारीक बुट्टे असत. तीन नमुने अंगावर एकत्र असूनही डोळा कोठे अडखळत नसे, याची कारणे विणीत आणि मापात सापडतात.

पहिले कारण म्हणजे नमुन्याचे माप. कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथून येणाऱ्या खणावरील बुट्टे बहुधा ज्वारीच्या दाण्याएवढे असतात, तर लुगड्याची चौकडी त्याच्या कितीतरी पट मोठी असते. त्यामुळे डोळा चौकडीला मुख्य नमुना मानतो आणि बुट्ट्यांना कापडाचा पोत समजून पुढे जातो. दोन नमुन्यांच्या मापांत किमान तिप्पट-चौपट अंतर असावे, हा ठोकताळा येथूनच काढता येतो. निरोगी दृष्टीलाही एक मिलिमीटर जाडीच्या, तितक्याच अंतरावरच्या रेघा साधारण साडेतीन मीटरपलीकडून वेगळ्या दिसत नाहीत, त्यांचा एकच सपाट रंग होतो. म्हणून अगदी बारीक रेघांचे कापड बहुतेक कोणत्याही नमुन्याशेजारी खपून जाते.

दुसरे कारण दिशेचे आहे, आणि खरेदी करताना सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच होते. रेघेला दिशा असते, चौकडीला दोन दिशा असतात, विखुरलेल्या फुलांना मात्र ठरावीक दिशा नसते. पदर छातीवरून तिरका जातो, त्यामुळे त्यावरील चौकडीही तिरकी होते, आणि खाली उभ्या पट्ट्यांचा ब्लाउज असेल तर त्याच्या सरळ रेघा त्या तिरक्या रेघांना जागोजागी छेदतात. डोळा दोन्हींना जोडू पाहतो, ते जुळत नाहीत, आणि पाहणाऱ्याला नेमके काय खटकते हे सांगताही येत नाही. चौकडीसोबत रुंद पट्ट्यांपेक्षा बारीक फुले अधिक निर्धोक ठरतात ती यामुळेच.

रंगाची गोष्ट विणीतच दडलेली आहे. रंगवलेल्या सुताची चौकडी विणताना उभे सूत, म्हणजे ताणा, आणि आडवे सूत, म्हणजे बाणा, जेथे एकमेकांस छेदतात तेथे दोन्ही रंग मिसळून तिसरी, मधली छटा उमटते. पांढऱ्या-जांभळ्या चौकडीत फिकट जांभळा रंग आधीच तयार असतो, आणि सोबतच्या कापडात तोच रंग आला की दोन्ही नमुने एकमेकांना ओळखू लागतात.

एक उदाहरण घ्यावे. साडी पांढऱ्या-जांभळ्या दोन सेंटीमीटरच्या चौकडीची आहे आणि काठ मोरपिशी आहे. एक सेंटीमीटर रुंदीच्या जांभळ्या पट्ट्यांचा ब्लाउज येथे बिघडतो, कारण पट्टा आणि चौकोन यांच्या मापांत जेमतेम दुपटीचेच अंतर आहे आणि दिशाही भांडतात. पांढऱ्या जमिनीवर, म्हणजे कापडाच्या मूळ रंगावर, पाच-सहा सेंटीमीटरची लाल-पिवळी फुले असलेला तुकडाही जुळत नाही. बाहीच्या लहान जागेत अर्धेच फूल येते, आणि नव्या रंगांना साडीत कोठेच आधार नसतो. जमीन काठाच्या मोरपिशी रंगाची आणि त्यावर अर्ध्या सेंटीमीटरची फिकट जांभळी फुले असतील तर मात्र साडी आणि ब्लाउज एकत्र बसतात. काठाचा सपाट भाग मोठा असेल तर तो दोन्ही नमुन्यांमध्ये विसाव्याची जागा ठेवतो. भंडारा-नागपूरकडील करवतकाठी साडीतही अंग आणि काठ यांची दातेरी सीमा असेच स्पष्ट विभाजन करते.

निवड दुकानातील दिव्याखाली करू नये, कारण वैशाखातील अकोल्याच्या उन्हात फिकट छटा धुऊन निघाल्यासारख्या दिसतात आणि गडद-पांढऱ्याचा विरोध अधिक तीव्र होतो. दोन्ही कापडे दारात नेऊन, काही पावले मागे सरून, डोळे किंचित बारीक करून पाहिली असता दोन्हींपैकी एक शांत पडले तर जोडी जमते. दोन्ही सारखीच पुढे येत असतील तर त्यांतील एक बदलावे लागते. एक मर्यादा तरीही उरते. सूत रंगवून विणलेली चौकडी आणि वरून छापलेली फुले धुण्यात सारख्या गतीने फिकट होत नाहीत, त्यामुळे आज जुळलेला मोरपिशी रंग काही महिन्यांनी काठापासून दूर जाऊ शकतो. शिवायला देण्यापूर्वी छापील कापडाचा कोपरा धुऊन वाळवून काठाशी पुन्हा ताडून पाहणे त्यासाठीच आवश्यक असते.