भिगवणला जायचं, पण कधी?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला भिगवणला कधी जायचं? मी स्वतः पहिल्यांदा नोव्हेंबरात गेलो आणि हात हलवत परत आलो. आई-बाबांना घेऊन गेलो होतो, त्यामुळे जास्तच लागलं.

चूक काय झाली? थंडी पडली की पक्षी येणारच, असं मी धरून चाललो होतो. पण रोहित चोच उलटी करून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातो. पावसाळ्यानंतर उजनी भरलेली असते, काठालाही पाणी खोल. मग तो उभा राहणार कुठे?

म्हणून आता मी कॅलेंडरच्या आधी धरणाचा पाणीसाठा बघतो. पाणी मागे सरून चिखलाचे पट्टे उघडे पडलेत का, हे कुंभारगावच्या नाववाल्याला फोन करून विचारतो. साधारण जानेवारी ते मार्च हे जमतं. मात्र हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब मार्चपर्यंत परतू लागतात. दोन्ही हवेत तर फेब्रुवारी गाठा, आणि उजाडताच नावेत बसा.

पाऊस कमी झाला असेल, तर हेच सगळं अलीकडे येतं.