दहावीच्या प्रश्नपत्रिकेतील नवी सवड
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्याकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जेथे छेदतो, ते कडोदरा. या चौकाभोवतीच्या कापडगिरण्यांत आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे पोट भरतात. घरात अहिराणी किंवा मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशी त्यांची त्रिभाषिक दिनचर्या असते. त्यांची मुले मात्र परीक्षा देतात ती गुजरातच्या मंडळाची. दहावीच्या वर्षी गावाकडचा मामा मोठ्या प्रेमाने महाराष्ट्राच्या मंडळाची गाइडे पाठवून देतो, आणि घोटाळ्याला तेथूनच आरंभ होतो.

या दोन मंडळांच्या परीक्षा वेगळ्या आहेत. महाराष्ट्रात गणिताच्या चाळीस-चाळीस गुणांच्या दोन पत्रिका असतात, एक बीजगणिताची व दुसरी भूमितीची. गुजरातेत गणिताची ऐंशी गुणांची एकच पत्रिका असते, आणि उरलेले वीस गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. महाराष्ट्रात उत्तीर्ण होण्यास शेकडा ३५ गुण लागतात, तर गुजरातेत ३३. नंदुरबारच्या भावंडाशी कडोदऱ्याच्या मुलीची तुलना करताना वडीलमाणसे हा भेद विसरतात. त्यात गुजरात मंडळाने पत्रिकेची घडणच बदलल्यामुळे, वरच्या वर्गातल्या भावाने सांगितलेल्या युक्त्याही आता जशाच्या तशा चालत नाहीत.

बदल झाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा आधार देऊन गुजरात सरकारने नववीपासून बारावीपर्यंतच्या पत्रिकांची नवी घडण जाहीर केली आणि मार्च २०२४ च्या परीक्षेपासून ती अमलातही आणली. वर्षाचा मोठा भाग उलटून गेल्यावर परीक्षेचे रूप बदलणे कितपत योग्य, असा प्रश्न तेव्हा शिक्षकांना पडला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. पूर्वी पत्रिकेत वस्तुनिष्ठ प्रश्न शेकडा २० आणि वर्णनात्मक प्रश्न शेकडा ८० असत. आता हे प्रमाण ३० आणि ७० असे झाले आहे. बारावी विज्ञान शाखेचे निम्मे-निम्मे प्रमाण मात्र कायम राहिले.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा तीस-सत्तरचा हिशेबच ठळकपणे आला. परंतु मुलाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा बदल दुसराच आहे, आणि तो पुष्कळ घरांत नीट पोचलेला नाही. पूर्वी वर्णनात्मक प्रश्नांत अंतर्गत पर्याय असे. म्हणजे एका प्रश्नाखाली ‘किंवा’ म्हणून दुसरा प्रश्न दिलेला असे आणि त्या जोडीतला एक सोडवावाच लागे. जोडीतले दोन्ही प्रश्न अवघड वाटले तर ते गुण गेले असे समजावयाचे. आता त्या जागी सर्वसाधारण पर्याय आला आहे. विभागात दिलेल्या एकूण प्रश्नांपैकी ठरावीक संख्येइतके कोणतेही प्रश्न सोडवावयाचे असतात. निवड जोडीपुरती न राहता साऱ्या विभागावर पसरली.

गणित आणि विज्ञान या विषयांची पत्रिका उदाहरणादाखल पाहावी. तिच्यात एकूण चोपन्न प्रश्न असतात. विभाग ‘अ’ मध्ये एकेका गुणाचे चोवीस वस्तुनिष्ठ प्रश्न असून त्यांत काहीही सोडण्याची मुभा नाही. विभाग ‘ब’ मध्ये दोन गुणांचे तेरा प्रश्न असतात व त्यांतील नऊ लिहावयाचे. विभाग ‘क’ मध्ये तीन गुणांच्या नऊंपैकी सहा, आणि विभाग ‘ड’ मध्ये चार गुणांच्या आठांपैकी पाच. चोवीस, अठरा, अठरा आणि वीस मिळून ऐंशी गुण होतात. पण छापलेल्या सर्व प्रश्नांच्या गुणांची बेरीज केली तर ती १०९ भरते. याचाच अर्थ असा की, मुलापुढे २९ गुणांचे प्रश्न केवळ सोडून देण्यासाठी ठेवलेले असतात.

ही सवड लहान नाही. तिच्यामुळेच एक गैरसमज पसरला आहे. ‘आता चार-पाच धडे सोडले तरी चालते’ असे मुले एकमेकांना सांगतात, आणि शिकवणीच्या वर्गांतूनही हा मंत्र कधीकधी दिला जातो. तो कितपत खरा आहे, हे एका कल्पित विद्यार्थिनीच्या हिशेबाने पाहता येईल.

समजा, कडोदऱ्याच्या एका मुलीने गणिताच्या चौदा प्रकरणांपैकी तीन प्रकरणांना हातच लावला नाही. त्या तीन प्रकरणांवर पत्रिकेत पाच वस्तुनिष्ठ प्रश्न आले, दोन गुणांचे तीन, तीन गुणांचे दोन आणि चार गुणांचे दोन, असे धरू. वस्तुनिष्ठ विभागात पर्याय नसल्यामुळे ते पाच गुण, अंदाजाने काही साधले तर गोष्ट वेगळी, सरळ गेले. पुढच्या विभागांत मात्र तिचे नुकसान वरकरणी काहीच दिसत नाही. ‘ब’ मधील तेरांतून तीन वजा होऊन दहा उरतात व लिहावयाचे नऊ. ‘क’ मध्ये सात उरतात व लिहावयाचे सहा. ‘ड’ मध्ये सहा उरतात व लिहावयाचे पाच. ऐंशीपैकी पंचाहत्तर गुण अजून तिच्या हाती आहेत, आणि तीन प्रकरणे टाळूनही गेले ते पाचच गुण, असे तिला वाटेल.

येथेच तिची गफलत होते. जिने चौदाही प्रकरणे वाचली आहेत, तिला ‘ब’ विभागात चार अवघड प्रश्न सोडता येतात. तीन प्रकरणे टाळणारीला तेथे एकच सोडता येतो. ‘क’ आणि ‘ड’ मध्येही पहिलीला तीन-तीन प्रश्नांची मोकळीक आहे, दुसरीला एकेकाची. मंडळाने अवघड प्रश्न टाळता यावेत म्हणून दिलेली सवड या मुलीने न वाचलेल्या धड्यांवर आधीच खर्चून टाकली. मग ओळखीच्या प्रकरणातले त्रिकोणमितीचे एक उदाहरण अडले आणि वर्तुळाच्या प्रमेयाची सिद्धता आठवेना, की चार-चार गुणांची गळती सुरू होते. धडा सोडणे आणि प्रश्न सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नव्या पत्रिकेने दुसरीला वाव दिला आहे, पहिलीला नाही. उलट, वस्तुनिष्ठ गुण सोळावरून चोवीस झाल्यामुळे प्रत्येक धडा एकदा तरी नीट वाचणे आता पूर्वीपेक्षा अधिक भाग पडते. ते प्रश्न कुठल्याही कोपऱ्यातून येतात. रिकामी जागा, जोड्या, चूक की बरोबर, एका शब्दात उत्तर, अशी त्यांची रूपे असतात.

दुसरी चूक अगदी उलट्या स्वभावाच्या मुलांची. जे येते ते सर्व लिहावे, परीक्षक त्यातले चांगले वेचून घेईल, अशा हिशेबाने ती तेराच्या तेरा प्रश्न सोडवू लागतात. नऊंपेक्षा अधिक उत्तरे लिहिल्याने त्या विभागाचे अठरा गुण एकोणीस होत नाहीत. वेळ मात्र जातो. लेखनाला तीन तास, म्हणजे १८० मिनिटे मिळतात. वस्तुनिष्ठ विभागाला अर्धा तास दिला तर छप्पन गुणांसाठी अडीच तास उरतात. दोन गुणांच्या उत्तराला सुमारे साडेचार मिनिटे धरली, तर चार जादा उत्तरांना अठरा मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात ‘ड’ विभागातील चार गुणांचे एक मोठे उत्तर स्वस्थपणे लिहून वर तपासताही आले असते.

म्हणून पत्रिका दहा वाजता हाती येते आणि सव्वा वाजता परीक्षा संपते, त्यातील पहिल्या पंधरा मिनिटांना आता निराळे मोल आले आहे. ती वाचनासाठी आणि उत्तरपत्रिकेवरील माहिती भरण्यासाठी असतात. जुन्या पत्रिकेत निवड त्या त्या जोडीपाशी पोचल्यावर करता येई. आता विभाग संपूर्ण वाचल्यावाचून निवड करताच येत नाही. घरी सराव करताना मुलाच्या हाती आधी पत्रिका देऊन पंधरा मिनिटे लेखणीला स्पर्श करू न देणे, आणि त्याने कोणते प्रश्न सोडावयाचे ठरवले ते तोंडी विचारणे, एवढे न शिकलेल्या आईलाही करता येईल. सरावाची पत्रिका मात्र मार्च २०२४ ची किंवा त्यानंतरची हवी. त्यापूर्वीची पत्रिका उदाहरणांच्या सरावाला चांगली, पण निवडीच्या सरावाला निरुपयोगी.

२०२३ साली गुजरातचा दहावीचा निकाल शेकडा ६४.६२ लागला होता. नवी पत्रिका आल्यावर २०२४ साली तो ८२.५६ झाला. एका वर्षात मुले इतकी हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही, आणि सारे श्रेय वा सारा दोष पत्रिकेलाच द्यावा असेही नव्हे. तरी अकरावीत विज्ञान घेणाऱ्याने हा आकडा जपून वाचावा. पर्यायाच्या आधाराने मिळालेले गुण प्रवेशाला उपयोगी पडतात, पण दहावीत टाळलेली त्रिकोणमिती अकरावीच्या पदार्थविज्ञानात पुन्हा दाराशी येऊन उभी राहते.

या बदलाबरोबर आणखी एक दार उघडले, ते पूरक परीक्षेचे. पूर्वी दहावीत दोनपर्यंत विषय राहिले असतील तरच त्याच वर्षी पूरक परीक्षेला बसता येई. तिसरा विषय गेला की वर्ष गेले. मार्च २०२४ च्या परीक्षेपासून ही मर्यादा तीन विषयांची केली गेली. बारावीच्या सामान्य शाखेत एकाऐवजी दोन विषय देण्याची सोय झाली. विज्ञान शाखेत तर सर्व विषय पुन्हा देऊन दोहोंपैकी चांगला निकाल धरण्याची मुभा मिळाली. गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे तिन्ही विषय गेलेला मुलगा पूर्वी थेट गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभा राहत असे. आता त्याच उन्हाळ्यात त्याला दुसरी संधी आहे.

महाराष्ट्रातील ‘ए.टी.के.टी.’शी मात्र हिची गल्लत करू नये. तेथे एक-दोन विषय राहिले तरी मुलगा अकरावीत बसतो आणि ते विषय मागाहून सोडवतो. कडोदऱ्याच्या मुलाने ‘राहिलेले विषय पुढे पाहू’ असे म्हणून स्वस्थ बसता कामा नये. त्याला पूरक परीक्षेचा अर्ज भरावा लागतो. निकाल मे महिन्यात लागतो, अर्जाची मुदत त्यानंतर थोड्याच दिवसांची असते आणि अर्ज शाळेमार्फत जातो. नेमक्या त्याच दिवसांत खानदेशात लग्नसराई असते, कुटुंब गावी गेलेले असते आणि शाळेने लावलेली सूचना वाचायला येथे कोणी नसते. गावी जाण्यापूर्वी शाळेत चालू असलेला दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवावा, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरातील एका मोठ्या माणसाने तरी शाळेत जाऊन अर्जाची शेवटची तारीख विचारून यावी.