कॉफीच्या पिशवीचं भोक



भाजलेल्या कॉफीची पिशवी तुम्ही दुकानात पाहिली असेल. तिच्या वरच्या भागात शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी एक गोल चकती असते आणि त्या जागी टाचणीने टोचल्यासारखी एकदोन बारीक छिद्रं दिसतात. अशी पिशवी मी पहिल्यांदा घरी आणली, तेव्हा दुकानदाराने फुटकी पिशवी गळ्यात मारली असंच मला वाटलं. आपण शहाणे, म्हणून मी त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावून टाकली. चौथ्या दिवशी फडताळ उघडलं तर पिशवी उशीसारखी टम्म फुगलेली. दुधाची पिशवी फुगली की दूध नासलं, डबाबंद पदार्थाचा डबा फुगला की तो फेकायचा, हे आपल्या घराघरांत पक्कं ठाऊक असतं. बायको म्हणाली, “टाकून द्या, पोटात काही गेलं तर महागात पडेल.” मी टाकून दिली.

ती कॉफी उत्तम होती. इतकी ताजी होती, म्हणूनच फुगली होती. हे मला कळलं ते पुढे काही वर्षांनी, माझ्या भाच्यामुळे. माझं नुकसान एका पिशवीचं होतं, त्याचं बरंच मोठं झालं.

भाच्याने पुण्यात कॉफी भाजण्याचा छोटा उद्योग काढला. चिकमगळूरहून कच्च्या बिया आणायच्या, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत भाजायच्या आणि हॉटेलांना द्यायच्या. भाजण्याच्या यंत्रासाठी आपाने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, हातातल्या दोन बांगड्या मोडल्या होत्या. पहिली मोठी मागणी महाबळेश्वरच्या एका हॉटेलातून आली. पाव किलोच्या ४० पिशव्या, म्हणजे १० किलो कॉफी. पोराने दिवसभर बिया भाजल्या, गार केल्या आणि ताजेपणा जाऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी पिशव्या यंत्राने घट्ट बंद करून टाकल्या. चकतीवाली पिशवी चार पैशांनी महाग, म्हणून त्याने साध्या चकचकीत पिशव्या घेतल्या होत्या. दोन दिवस माल खोलीत राहिला, मग खोक्यांत भरून एसटीने रवाना झाला. हॉटेलात खोकी उघडली, तेव्हा काही पिशव्या शिवणीवर उसवल्या होत्या आणि उरलेल्या फुग्यासारख्या ताणल्या होत्या. हॉटेलवाल्याने सगळा माल परत पाठवला. तोही माझ्या बायकोसारखाच विचार करणारा माणूस.

रविवारी पोरगा माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. “मामू, मी तर सगळं ताजं ताजं भरलं होतं,” तो म्हणाला. मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला होता. पण त्या दिवशी आम्ही मामाभाचे कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि मग जाणकारांना विचारत, वाचत जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

कॉफीची कच्ची बी हिरवट, टणक आणि जड असते. ती भाजताना उष्णता २०० अंशांच्या पुढे जाते. बीमधलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि आतल्या साखरेची व प्रथिनांची एकमेकांशी क्रिया होऊ लागते. तपकिरी रंग आणि कॉफीचा वास याच क्रियांतून येतो. त्याच क्रियांतून एक वायूही तयार होतो, कार्बन डायऑक्साइड. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच. लाहीसारखी तडतड होऊन बी फुगते आणि तिच्या आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. बराचसा वायू भाजतानाच उडून जातो, पण काही या पोकळ्यांत दाबाखाली कोंडलेला राहतो. बी गार झाली की तो हळूहळू बाहेर झिरपत राहतो. पहिल्या एकदोन दिवसांत वेगाने, मग मंदपणे, असं कित्येक आठवडे चालतं. बीने वायू सोडणं म्हणतात ते हेच. यात नासण्याचा भाग नाही. भाजलेली बी इतकी कोरडी असते की दूध नासवणारे जंतू तिच्यात वाढूच शकत नाहीत.

आता आमच्या कागदावरचं गणित ऐका. ताज्या भाजलेल्या बीमध्ये तिच्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के एवढा हा वायू कोंडलेला असतो. आपण कमीत कमी, म्हणजे १ टक्का धरू. पाव किलो कॉफीत तो अडीच ग्रॅम झाला. अडीच ग्रॅम म्हणजे चिमूटभर वाटेल, पण वायू मोकळा झाला की जागा व्यापतो. आपल्या खोलीच्या तापमानाला अडीच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जवळजवळ १.४ लीटर भरतो. पाव किलो बियांना पिशवीत जागा लागते ती पाऊण लीटरच्या आसपास. म्हणजे त्यातला निम्माच वायू बाहेर आला, तरी बियांनी भरलेल्या पिशवीला तेवढ्याच आणखी एका पिशवीची जागा हवी. शिवण उसवणार नाही तर काय होईल? त्यात महाबळेश्वर पुण्याहून सुमारे ८०० मीटर उंच. वर हवेचा दाब नऊएक टक्क्यांनी कमी, त्यामुळे आधीच तट्ट झालेली पिशवी घाटात आणखी ताणली गेली.

चूक कळली, पण पोराने लगेच दुसऱ्या टोकाची चूक केली. पुढच्या खेपेला त्याने बिया तीन दिवस पसरट परातींत उघड्या ठेवल्या आणि मग भरल्या. पिशव्या फुगल्या नाहीत, पण कॉफीला वासच उरला नव्हता. वायू बाहेर पडताना सुगंधाचा काही अंश घेऊन जातो, आणि हवेतला ऑक्सिजन बीमधल्या तेलांना लागतो. शेंगदाण्याचं कूट किंवा सुकं खोबरं उघडं राहिलं की कसं खवट होतं, तसंच कॉफीचंही होतं. कोंडावं तर पिशवी फुटते, मोकळं सोडावं तर माल मरतो.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सने १९०० साली हवा काढून घेतलेल्या डब्यांत कॉफी भरायला सुरुवात केली. पण अशा डब्यात कॉफी भरायची तर ती आधी वायू सोडून मोकळी व्हावी लागते, म्हणजे भाजल्यावर थांबणं आलंच. १९७०च्या सुमारास इटलीत मिलानच्या गोलियो कंपनीने पिशवीवर बसणारी एकमार्गी झडप आणली. मी चिकटपट्टी लावली होती ती याच झडपेवर.

ज्यांनी जुनी सायकल चालवली आहे, त्यांना ही झडप समजावून सांगायला नको. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून पंपाची हवा आत जाते, पण परत बाहेर येत नाही. कॉफीच्या झडपेत दिशा उलटी. तिच्या आत एक सपाट बैठक असते, तिला छिद्रं असतात आणि त्यांवर रबरासारखी पातळ लवचीक चकती बसवलेली असते. चकती आणि बैठक यांच्यामध्ये घट्टसर तेलाचा पातळ थर असतो, तो चकतीला धरून ठेवतो. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तसं. पिशवीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढला, अगदी हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, की चकतीची कड उचलली जाते, वायू निसटतो, दाब उतरतो आणि तेल चकतीला पुन्हा खाली ओढून घेतं. बाहेरून हवा आत यायला निघाली, तर ती चकतीला बैठकीवर दाबते, म्हणजे वाट आणखीच घट्ट होते. साध्या भोकाने हे साधत नाही. भोक पाडलेली पिशवी घाट उतरताना बाहेरचा दाब वाढला की हवा आत ओढून घेईल. झडपेची पिशवी फक्त थोडी आवळते.

झडपेच्या आतल्या अंगाला गाळणीचा एक छोटा कागद असतो. कॉफीची भुकटी तेलात जाऊन बसू नये म्हणून तो लागतो, कारण एखादा कण जरी चकतीखाली अडकला, तरी ती नीट मिटत नाही. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. न उघडलेली पिशवी दोन्ही हातांनी हलकेच दाबा. हवा बाहेर आली पाहिजे, आणि हात काढल्यावर पिशवी तशीच चेपलेली राहिली पाहिजे. ती श्वास घेतल्यासारखी लगेच पुन्हा फुगली, तर झडप किंवा शिवण कुठेतरी गळते आहे. मात्र वास घ्यायला म्हणून उगाच पिशवी दाबत बसू नका. आपण हुंगतो तो वास कॉफीतूनच वजा होत असतो.

झडपेच्या मर्यादाही सांगतो. भरताना पिशवीत राहिलेला ऑक्सिजन ती काढून टाकत नाही. म्हणून मोठे कारखाने भरताना नायट्रोजन सोडून हवा हाकलतात. एकदा पिशवी उघडली की झडपेचा उपयोग जवळजवळ संपला. आणि झडप आहे म्हणून आतली कॉफी ताजी आहे असंही नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या कॉफीच्या पिशवीलाही झडप असतेच. म्हणून पिशवीवर भाजल्याची तारीख शोधा.

आता तुम्ही विचाराल, भाजल्याच्या दिवशीच कॉफी प्यावी का? तर थोडं थांबावं. बीमध्ये वायू फार असला की तो पाण्याला आत शिरू देत नाही. दळलेल्या ताज्या कॉफीवर गरम पाणी ओता, ती फेसाळून पिठासारखी फुगून वर येते. तो हाच वायू. तो अती असेल, तर पाणी एकसारखं मुरत नाही आणि कॉफी आंबट, पातळ लागते. म्हणून आधी थोडंच पाणी घालून अर्धा मिनिट थांबतात. बिया साधारण चार दिवस ते दोन आठवडे मुरलेल्या असल्या की बेत जमतो. काळपट भाजलेल्या बिया वायू लवकर सोडतात, फिकट भाजलेल्या सावकाश. दळल्यावर तर बराचसा वायू काही मिनिटांतच निघून जातो, म्हणून दळायचं ते करण्याआधीच. आणि पाणी ओतल्यावर काहीच फुगलं नाही, तर समजावं की कॉफी शिळी झाली आहे.

भाचा आता बिया गार झाल्या की त्याच दिवशी झडपेच्या पिशवीत भरतो आणि वर भाजल्याची तारीख घालतो. महाबळेश्वरच्या त्या हॉटेलवाल्याकडे तो स्वतः एक पिशवी घेऊन गेला, त्याच्यासमोर दाबून दाखवली, कॉफी करून पाजली. मागणी परत मिळाली, पण १० ऐवजी ५ किलोची. विश्वास परत यायला वेळ लागतो. आपाच्या हातात अजून काचेच्याच बांगड्या आहेत.

माझ्या फडताळात आज एक पिशवी आहे, भाच्याने भाजलेली, सहा दिवसांची. चकतीवर मी काहीही चिकटवलेलं नाही.