सहा फोटो, सहा चिठ्ठ्या
(प्रभाग संघाच्या बैठकीत दिलेली माहिती)



आपल्यापैकी बऱ्याच जणी आता मिरचीच्या पानांचे फोटो मोबाईलवरच्या एआय ॲपला पाठवून रोग विचारतात. एका वेळी बरेच फोटो पाठवले की उत्तरात गोंधळ होतो, म्हणून आज तेवढंच बोलते.

समजा, गटातल्या तिघींच्या शेतात मिरचीची पानं आकसली आहेत. फुलकिड्यांमुळे पान बहुधा वरच्या बाजूला वळतं, कोळीमुळे खालच्या बाजूला. दोघांचं औषध वेगळं. त्यामुळे प्रत्येक शेतातल्या पानाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. म्हणजे झाले सहा फोटो.

आता "शेवटच्या फोटोतल्या पानाला काय झालंय?" असं विचारलं, तर शेवटचा कोणता? गॅलरीतून निवडताना आपण ज्यावर आधी बोट ठेवतो तो आधी जातो, त्यामुळे क्रम सहज बदलतो. कोणता फोटो कोणाच्या शेतातला, हे ॲपला माहीत नसतं. सगळी पानं सारखीच हिरवी. मग एकीच्या पानाचं वर्णन दुसरीच्या नावावर जातं आणि फवारणी चुकते.

म्हणून फोटो काढतानाच पानाशेजारी ठळक आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवा, १ ते ६. चिठ्ठीने पान झाकू नका. पाठवताना फोटो त्याच क्रमाने निवडा आणि खाली लिहा:

"फोटो १ व २ पहिल्या शेतातले, ३ व ४ दुसऱ्या, ५ व ६ तिसऱ्या. प्रत्येक जोडीत आधी पानाची वरची बाजू, मग खालची. चिठ्ठीवरचा आकडा धरून प्रत्येक फोटोत काय दिसतं ते आधी एकेका ओळीत सांगा. रोग नंतर विचारेन."

या सहा ओळी आल्या की आपले फोटो उघडून ताडून बघा. फोटो ४ मध्ये पानाची खालची बाजू असताना उत्तरात वरची लिहिली असेल, तर तिथेच समजा की गल्लत झाली. पुढचं उत्तर धरू नका. ती जोडी वेगळी पाठवा.

पुढे बोलतानाही "ते पान" म्हणू नका, "फोटो ३ मधलं पान" म्हणा. नंतर आणखी फोटो पाठवले तर पुन्हा १ पासून नको, ७ पासून सुरू करा. नाहीतर एकाच बोलण्यात दोन "फोटो १" होतात.

एक मात्र खरं, नंबर दिल्याने फोटोंची सरमिसळ कमी होते, रोगाचं निदान पक्कं होत नाही. कोळी इतकी बारीक असते की मोबाईलच्या फोटोत सहसा दिसतच नाही. म्हणून औषध विकत घेण्याआधी तीच पानं, त्याच चिठ्ठ्यांसह, सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना किंवा कोळदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.